स्टॅक्ड बार चार्टच्या फोटोवरून टेबल कसं बनवायचं? प्रत्येक रंगाला स्वतंत्र रकाना

व्हॉट्सअ‍ॅपवर असे चार्ट तुम्हाला रोज येत असतील. एकेक उभा खांब, खांबात एकावर एक रचलेले रंगाचे तुकडे आणि प्रत्येक तुकड्यावर एक आकडा. यालाच स्टॅक्ड बार चार्ट म्हणतात. बघायला सोपा असतो, पण त्यातले आकडे वापरायचे ठरवले की अडचण सुरू होते, कारण हातात फक्त फोटो असतो. आमच्या रोहिणखेडात, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी बरीच पोरं-पोरी सगळं काम मोबाईलवरच करतात. लॅपटॉप क्वचित कुणाकडे. त्यांचा मला नेहमीचा प्रश्न असतो: "दादा, या फोटोचं टेबल होईल का?"

होतं. मोबाईलवरच होतं. पण बेरीज बरोबर येऊनही टेबल चुकीचं असू शकतं, आणि हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. म्हणून आज एकच चार्ट घेऊन तो शेवटपर्यंत सोडवूया.

सरावाचा चार्ट

उदाहरणासाठी मी महाराष्ट्र विधानसभेच्या निकालांचा चार्ट घेतलाय. २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ असे चार खांब. विधानसभेच्या जागा २८८, त्यामुळे प्रत्येक खांबाची उंची सारखीच. खांबातले तुकडे म्हणजे पक्ष. खालून वर भाजप, शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस आणि सगळ्यात वर इतर. २०२४ च्या खांबात काँग्रेस आणि इतर यांच्या मध्ये आणखी दोन तुकडे आहेत, शिवसेना (उबाठा) आणि राष्ट्रवादी (शप), कारण तोपर्यंत दोन्ही पक्ष फुटले होते. राजकारणावर बोलायचं नाहीये. हे निकाल सगळ्यांना तपासता येतात आणि एकूण जागा पक्की माहीत आहे, म्हणून सरावाला हा चार्ट चांगला.

आपल्याला हवंय ते असं: प्रत्येक वर्षाची एक आडवी ओळ आणि प्रत्येक पक्षाचा एक उभा रकाना.

एक गोष्ट आधीच सांगतो. फोटो फॉरवर्ड होऊन आला असेल तर पाठवणाऱ्याला तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅप साधा फोटो पाठवताना तो दाबून लहान करतं. त्यात आकड्यांच्या कडा फुटतात आणि रंग एकमेकांत मिसळतात, आणि आपलं सगळं काम या दोन गोष्टींवरच चालणार आहे.

अख्खा फोटो लेन्सला का देऊ नये

बहुतेक जण काय करतात, फोटो गुगल लेन्समध्ये उघडतात, सगळा मजकूर निवडतात, `Copy text` दाबतात आणि शीटमध्ये पेस्ट करतात. आकडे येतात, बरेचसे बरोबरही असतात. पण कुठला आकडा कुठल्या खांबाचा, हे कळत नाही.

याचं कारण समजून घ्या. फोटोतून अक्षरं वाचणारी अ‍ॅप पान वाचल्यासारखी वाचतात. एकाच उंचीवर जे दिसतं ती एक ओळ, मग त्याखालची दुसरी ओळ. चार्टमध्ये मात्र प्रत्येक आकडा आपल्या तुकड्याच्या मधोमध बसलेला असतो, आणि तुकडे लहान-मोठे असल्यामुळे एकाच पक्षाचे आकडे वेगवेगळ्या उंचीवर जातात.

आपल्या चार्टमध्ये काय होतं बघा. सगळ्यात वर २०१४ चे इतर २०, २०१९ चे इतर २९ आणि २०२४ चे इतर १२ हे साधारण एका उंचीवर येतात. तुम्ही म्हणाल, वा, 'इतर'ची ओळ मिळाली! पण २००९ चे इतर तब्बल ५४ आहेत. तो तुकडा जाड, त्यामुळे त्याचा आकडा खाली सरकतो आणि २०२४ च्या उबाठा गटाच्या २० शेजारी जाऊन बसतो. आणखी खाली २००९ च्या काँग्रेसचे ८२ आणि २०१९ च्या राष्ट्रवादीचे ५४ जवळपास एका रेषेत येतात. म्हणजे पहिली ओळ बघून विश्वास बसतो आणि पुढे सगळा गोंधळ.

एक्सेलच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये फोटोवरून डेटा घ्यायची सोय आहे, ती इथे कामाची नाही. ती आधीच ओळी-रकान्यात छापलेल्या टेबलाच्या फोटोसाठी आहे. चार्टमध्ये ओळी नसतातच, त्या आपल्याला तयार करायच्या आहेत.

एक खांब, एक कापलेली पट्टी

उपाय साधा आहे. गॅलरीत फोटो उघडा, क्रॉप करून फक्त एका खांबाची उभी पट्टी ठेवा आणि ती वेगळी सेव्ह करा. चार खांब, चार पट्ट्या. मग एकेक पट्टी लेन्सला द्या. आता एका उंचीवर एकच आकडा असल्यामुळे आकडे वरून खाली सरळ क्रमाने येतात. २०१९ ची पट्टी दिली की २९, ४४, ५४, ५६, १०५ असं मिळतं.

इथेच एक मोह होतो. क्रम तर मिळाला, रंगांची सूची बाजूला आहेच, मग सूचीच्या क्रमाने आकडे भरून टाकू. असं करू नका. सूची कधी वरून खाली असते, कधी आडवी. खांब खालून वर रचलेला असतो आणि सूची बऱ्याचदा उलट्या क्रमाने लावलेली असते. शिवाय २०२४ सारख्या खांबात तुकडेच जास्त आहेत, त्यामुळे वरून पाचवा आकडा प्रत्येक खांबात एकाच पक्षाचा नाही. २०१९ मध्ये वरून पाचवा भाजप, २०२४ मध्ये वरून पाचवी राष्ट्रवादी.

म्हणून आकडा उतरवताना त्याच्या शेजारी त्याच्या रंगाचं नाव लगेच लिहायचं. जागेवरून नाही, रंगावरून. गुगल शीट्समध्ये आधी एक लांब यादी करा: A रकान्यात वर्ष, B मध्ये भाग म्हणजे पक्ष, C मध्ये वाचलेला आकडा. पहिली ओळ शीर्षकाची आणि त्याखाली एकूण २२ ओळी, कारण तीन खांबांत पाच-पाच तुकडे आणि चौथ्यात सात.

अशी सुरुवात होईल:

```
वर्ष    भाग          वाचलेला
2009   भाजप         46
2009   शिवसेना       44
2009   राष्ट्रवादी      62
```

रंग ओळखताना सगळ्यात जास्त त्रास भाजपचा केशरी आणि शिवसेनेचा नारंगी यांचा होतो. निवडणुकीच्या चार्टमध्ये हे दोन रंग बऱ्याचदा अगदी जवळचे असतात. डोळ्यांवर भरवसा वाटत नसेल तर रंगाचा कोड दाखवणारं कुठलंही कलर पिकर अ‍ॅप घ्या आणि आधी सूचीतल्या चौकोनावर बोट ठेवा, मग तुकड्याच्या मधोमध. कोड तंतोतंत जुळणार नाही, कारण फोटो दाबला जाताना रंग थोडा हलतो. पण दोन चौकोनांपैकी तुकडा कुणाच्या जवळचा आहे ते लगेच कळतं. कडेजवळ बोट ठेवू नका, तिथे शेजारचा रंग मिसळलेला असतो.

मराठी आकडे असतील तर

चार्ट मराठी असेल तर लेन्स ४६ असंच देईल, 46 नाही. आपल्याला वाचता येतं, पण शीट्स त्याला संख्या मानत नाही, मजकूर मानते. ओळखायची खूण सोपी: पेस्ट केल्यावर आकडा चौकटीत डावीकडे चिकटला तर मजकूर, उजवीकडे गेला तर संख्या. आणि `SUM` अशा मजकुराबद्दल तक्रार करत नाही, गुपचूप वगळून टाकते. म्हणजे बेरीज येते, पण कमी येते.

त्यासाठी D रकान्याला 'आकडा' असं शीर्षक द्या आणि D2 मध्ये हे सूत्र टाकून खालपर्यंत ओढा:

```
=VALUE(REDUCE(C2, SEQUENCE(10,1,0), LAMBDA(t, n, SUBSTITUTE(t, UNICHAR(2406+n), n))))
```

दिसायला भीतीदायक आहे, पण करतं एवढंच की ० ते ९ हे दहा मराठी अंक एकेक करून शोधतं आणि त्यांच्या जागी इंग्रजी अंक ठेवतं. 2406 हा युनिकोडमधला मराठी शून्याचा क्रमांक, त्याच्यापुढे ओळीने बाकीचे नऊ. आकडे आधीच इंग्रजीत असले तरी सूत्र बिघडत नाही, त्यामुळे विचार न करता लावून टाका. D मध्ये `#VALUE!` दिसलं तर लेन्सने त्या आकड्यात एखादं अक्षर किंवा चिन्ह घुसवलंय, ती ओळ फोटोशी ताडून बघा.

यादीचं टेबल

आता F1 मध्ये:

```
=QUERY(A1:D23, "select A, sum(D) where A is not null group by A pivot B", 1)
```

इथे `group by A` म्हणजे प्रत्येक वर्षाची एक ओळ आणि `pivot B` म्हणजे B मधल्या प्रत्येक वेगळ्या नावाचा एक रकाना. हातानं एकही आकडा हलवायचा नाही. रकाने मात्र अक्षरांच्या क्रमाने येतात, चार्टच्या क्रमाने नाही. मी खाली वाचायला सोपं जावं म्हणून चार्टच्या क्रमाने लावून दाखवतोय:

| वर्ष | भाजप | शिवसेना | राष्ट्रवादी | काँग्रेस | शिवसेना (उबाठा) | राष्ट्रवादी (शप) | इतर |
|---|---|---|---|---|---|---|---|
| २००९ | ४६ | ४४ | ६२ | ८२ | | | ५४ |
| २०१४ | १२२ | ६३ | ४१ | ४२ | | | २० |
| २०१९ | १०५ | ५६ | ५४ | ४४ | | | २९ |
| २०२४ | १३२ | ५७ | ४१ | १६ | २० | १० | १२ |

टेबल आलं की आधी रकाने मोजा. सात पक्ष, म्हणजे वर्ष सोडून सात रकाने. आठ आले तर B मध्ये एक नाव दोन प्रकारे लिहिलं गेलंय. मराठीत हे सहज होतं: 'काँग्रेस' आणि 'कॉंग्रेस' आपल्याला एकच वाटतात, पण पहिल्यात चंद्रबिंदू आहे आणि दुसऱ्यात ॉ वर अनुस्वार. शीट्ससाठी हे दोन वेगळे पक्ष! नावाच्या शेवटी चुकून पडलेली रिकामी जागासुद्धा हाच घोळ करते. म्हणून नाव एकदाच टाईप करायचं आणि पुढे कॉपी करत जायचं.

बेरीज काय पकडते आणि काय नाही

वर्षाचा रकाना F मध्ये आणि पक्षांचे सात रकाने G ते M मध्ये आलेत. N2 मध्ये हे टाकून खाली ओढा:

```
=SUM(G2:M2)=288
```

`TRUE` आलं म्हणजे त्या वर्षातले आकडे वाचताना चूक झालेली नाही, असं बहुतेक वेळा धरता येतं. लेन्सने ६३ चे ६८ केले किंवा १ चा ९ केला तर इथे `FALSE` येईल. फरकावरूनही अंदाज येतो. बेरीज पाचने जास्त आली तर ३ आणि ८ ची अदलाबदल बघा, आठने जास्त आली तर १ आणि ९ ची.

पण समजा २०१४ मध्ये काँग्रेसचे ४२ राष्ट्रवादीच्या रकान्यात गेले आणि राष्ट्रवादीचे ४१ काँग्रेसच्या. बेरीज २८८ च राहते आणि `TRUE` च येतं. चार्टकडे बघून एका जागेचा फरक डोळ्याला दिसत नाही. टेबल मात्र चुकीचं, आणि त्यावरून कुणी 'या दोघांत जास्त जागा कुणाला' असा प्रश्न सोडवला तर उत्तर उलटं येणार. २०१९ मध्ये शिवसेनेचे ५६ आणि राष्ट्रवादीचे ५४, तिथेही हाच धोका. बेरीज फक्त सांगते की आकडे बरोबर वाचले गेले. ते योग्य रकान्यात आहेत की नाही, हे तिला माहीतच नसतं.

म्हणून दुसरी तपासणी रंगाची, आणि ती सगळ्या २२ तुकड्यांची करायची गरज नाही. प्रत्येक ओळीत एकमेकांच्या जवळचे आकडे शोधा. आपल्या टेबलात २००९ चे ४६ आणि ४४, २०१४ चे ४२ आणि ४१, २०१९ चे ५६ आणि ५४, २०२४ चे १० आणि १२. या चार जोड्या फोटो मोठा करून पुन्हा रंगाशी ताडा. ज्यांच्यात मोठा फरक आहे त्यांची अदलाबदल झाली तर तुकड्याच्या उंचीवरूनच कळते, १३२ आणि १६ ची गल्लत कुणी करणार नाही.

एकूण माहीत नसेल तर? तालुक्यातल्या सोयाबीन, कापूस, तुरीच्या पेऱ्याचा चार्ट असेल तर प्रत्येक वर्षाचा खांब वेगळ्या उंचीचा असणार. तेव्हा खांबाच्या डोक्यावर एकूण आकडा छापलाय का बघा. नसेल तर खांबाचं टोक उभ्या अक्षावर कुठे येतं ते वाचा आणि बेरीज त्याच्या जवळपास आहे का ते बघा. ही तपासणी ढोबळ आहे, एखादा अंक अख्खा गळला असेल तर कळेल, एक-दोनचा फरक कळणार नाही.

रिकामी चौकट म्हणजे शून्य नाही

टेबलात सहा चौकटी मोकळ्या दिसतायत. तिथे ० भरावासा वाटेल. भरू नका. २००९ मध्ये राष्ट्रवादी (शप) हा पक्षच नव्हता. निवडणूक लढवून एकही जागा न मिळणं वेगळं आणि पक्षच नसणं वेगळं. शीटलाही हा फरक कळतो: `AVERAGE` मोकळी चौकट सोडून देते, शून्य मात्र मोजते. मोकळं ठेवलं तर या पक्षाची सरासरी १० येते, तीन शून्यं भरली तर २.५. `QUERY` मोकळंच ठेवते, म्हणून मी ती वापरली. `SUMIFS` ने केलं असतं तर तिथे आपोआप शून्य आलं असतं.

'इतर' बद्दलही सावध राहा. तो एक रंग असला तरी एक पक्ष नाही. २००९ च्या ५४ मध्ये मनसेच्या १३ जागा आहेत, २०१४ च्या २० मध्ये मनसेची फक्त १. रकाना करा, पण त्याची वर्षागणिक तुलना करून गोष्ट सांगू नका.

तुकड्यावर आकडाच नसेल तर

बारीक तुकड्यात आकडा मावत नाही म्हणून चार्ट बनवणारे तो काढून टाकतात. खांबात असा एकच तुकडा असेल तर सोपं आहे, एकूणातून बाकीचे वजा करा. दोन असतील तर मोजावं लागतं. समजा २०२४ मध्ये राष्ट्रवादी (शप) आणि इतर या दोन्हींवर आकडा नाही. बाकीच्यांची बेरीज २६६, म्हणजे दोघांत मिळून २२. पण वाटणी कशी?

इथे `WebPlotDigitizer` हे मोफत साधन उपयोगी पडतं, ब्राउझरमध्ये चालतं. फोनवर जरा अवघड जातं, बोटाने कड नेमकी पकडता येत नाही, पण झूम करून होतं. फोटो टाकायचा, अक्षावरचे ० आणि ३०० हे दोन बिंदू दाखवून द्यायचे आणि मग तुकड्यांच्या कडांवर टॅप करायचं. ते प्रत्येक कडेची तळापासूनची उंची सांगतं. समजा कडा २६६.३, २७५.९ आणि २८८.२ अशा आल्या. वजा केलं की ९.६ आणि १२.३, म्हणजे १० आणि १२. बेरीज २२, जुळली.

हे चाललं कारण फोटो मोठा होता. अक्षावर ० ते ३०० हे अंतर ९०० पिक्सेलचं असेल तर एका जागेला ३ पिक्सेल मिळतात. तोच फोटो फॉरवर्ड होत होत ३०० पिक्सेलचा झाला तर एका जागेला एकच पिक्सेल, आणि धूसर कडच एक-दोन पिक्सेल जाड असते. मग १० आणि १२ यात फरक करता येत नाही. अशा आकड्यापुढे टेबलात 'अंदाजे' असं लिहा, किंवा त्या चौकटीचा रंग बदला, म्हणजे वाचलेला आकडा आणि मोजलेला आकडा वेगळे ओळखू येतील.

टक्क्यांचा चार्ट

कधी तुकड्यांवर जागा नसून टक्के असतात. २०१९ चे टक्के पूर्णांकात काढले तर ३६, १९, १९, १५ आणि १० येतात. बेरीज ९९. ही चूक नाही, प्रत्येक आकडा वेगळा गोल केल्यामुळे एक टक्का हरवला. अशा चार्टला `=100` ची तपासणी लावू नका, ९९ ते १०१ चालवून घ्या.

टक्क्यांवरून मूळ जागा परत काढायचा प्रयत्न मात्र करू नका. २८८ चे ३६ टक्के म्हणजे १०३.६८, म्हणून तुम्ही १०४ लिहाल. खऱ्या जागा १०५ होत्या. १०३, १०४ आणि १०५ या तिन्हींचे टक्के गोल करून ३६ च येतात, त्यामुळे फोटोत ती माहिती शिल्लकच नाही. शिवसेना आणि राष्ट्रवादी दोघांचे १९, तिथे तर ५६ आणि ५४ चा फरकही पुसला गेलाय. टेबलाच्या शीर्षकात 'टक्के' लिहून ते टक्क्यांचंच राहू द्या.